टेस्ट ड्राइव्हच्या शनिवार-रविवारसाठी लिहिलेले एक कॅप्शन: प्रकरण अभ्यास

कार विकणारी शोरूम सोशल मीडियावर टेस्ट ड्राइव्हची जाहिरात टाकते तेव्हा तिच्या कॅप्शनमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात: निमंत्रण, ऑफर आणि वेळ राखून ठेवण्याची पद्धत. निमंत्रण लिहिणे सोपे असते. ऑफरच्या अटी आणि नोंदणीच्या पायऱ्या मात्र शोरूममधील कामकाज नीट ठाऊक असल्याशिवाय लिहिता येत नाहीत, आणि बहुतेक कॅप्शने बिघडतात ती तिथेच. हे प्रकरण अशाच एका कॅप्शनचे आहे. यातील शोरूम काल्पनिक असून आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत. परंतु त्यातील अडचणी या व्यवसायात रोज भेटणाऱ्या आहेत.

शोरूमने शनिवार १४ आणि रविवार १५ जून हे दोन दिवस टेस्ट ड्राइव्हसाठी ठरवले होते. चालवून पाहण्यासाठी तीन डेमो गाड्या होत्या: एक पेट्रोल हॅचबॅक, एक ऑटोमॅटिक एसयूव्ही आणि एक इलेक्ट्रिक कार. त्या दोन दिवसांत कार बुक करणाऱ्याला दोन वर्षांची वाढीव वॉरंटी जादा पैसे न घेता द्यायची, अशी ऑफर होती. कॅप्शन लिहिण्याचे काम शोरूमचे सोशल मीडिया सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे आले आणि त्याने पहिला मसुदा असा केला:

«तुमच्या स्वप्नातील कार आता तुमच्या जवळ! या वीकएंडला या आमच्या भव्य टेस्ट ड्राइव्ह महोत्सवात. सर्व मॉडेल्सवर आकर्षक ऑफर्स आणि वाढीव वॉरंटी मोफत*! मर्यादित कालावधी. त्वरा करा, आजच बुक करा! *अटी लागू.»

या मसुद्यात खोटे असे काहीच नाही, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण ग्राहकाच्या जागी बसून तो वाचला की प्रश्नांची रांग लागते. «या वीकएंडला» म्हणजे कोणत्या तारखांना? कॅप्शन कॉपी करून कोणी व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवले आणि समोरच्याने ते चार दिवसांनी वाचले, तर त्याचा वीकएंड वेगळाच असणार. वॉरंटी कशावर मोफत आहे: टेस्ट ड्राइव्ह घेतल्यावर की कार घेतल्यावर? «आजच बुक करा» म्हणजे काय बुक करायचे? शोरूमच्या भाषेत बुकिंग म्हणजे रक्कम भरून कार आपल्या नावावर राखून ठेवणे. टेस्ट ड्राइव्हची वेळ घेण्यालाही तोच शब्द वापरला, तर पैसे भरावे लागतील या धास्तीने नुसती गाडी चालवून पाहू इच्छिणारा माणूस मागे फिरतो. म्हणून सुधारित कॅप्शनमध्ये पहिला निर्णय असा झाला की टेस्ट ड्राइव्हसाठी «स्लॉट घेणे» आणि कारसाठी «बुकिंग करणे» असे दोन वेगळे शब्द सर्वत्र वापरायचे आणि ते कुठेही एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

आधी स्लॉट मोजले

कॅप्शन पुन्हा लिहिण्यापूर्वी विक्री व्यवस्थापकाला एकच प्रश्न विचारण्यात आला: दोन दिवसांत प्रत्यक्षात किती लोकांना गाडी चालवायला मिळेल? त्याचे उत्तर कोणी काढलेलेच नव्हते. «कधीही या» असे लिहिण्याची सवय असल्यामुळे ते काढण्याची वेळ आली नव्हती. प्रत्यक्षात मात्र शनिवारी सकाळी साडेअकराला पंधरा माणसे एकाच एसयूव्हीसाठी थांबलेली असतात, आणि रविवारी दुपारी तीच एसयूव्ही दारात उभी असते.

हिशेब अवघड नाही. गाडी चालवण्याचा वेळ साधारण पंचवीस मिनिटे धरला, आणि लायसन्स पाहणे, सही घेणे, सीट व आरसे जुळवून देणे, परतल्यावर गाडी पुसून जागेवर लावणे यांसाठी वीस मिनिटे धरली, तर एक स्लॉट पंचेचाळीस मिनिटांचा होतो. शोरूम १० ते १ आणि २ ते ६ या वेळात टेस्ट ड्राइव्ह देणार होती. सकाळच्या तीन तासांत चार स्लॉट बसतात आणि दुपारच्या चार तासांत पाच. म्हणजे एका गाडीचे दिवसाला नऊ, आणि तीन गाड्यांचे सत्तावीस. इथे पहिली काटछाट इलेक्ट्रिक कारमुळे करावी लागली. सकाळच्या चार फेऱ्यांनंतर ती चार्जिंगला लावायची, तर जेवणाच्या सुटीतील एक तास पुरेसा नव्हता; म्हणून तिचा दुपारी २ चा स्लॉट काढून टाकला आणि सव्वीस उरले. दुसरी काटछाट व्यवस्थापकाने स्वतः सुचवली. प्रत्येक गाडीचा ५ वाजताचा शेवटचा स्लॉट ऑनलाइन द्यायचा नाही, कारण दिवसभरात साचलेला उशीर कुठेतरी सामावून घ्यावा लागतो आणि आगाऊ वेळ न घेता आलेल्या एखाद्या कुटुंबाला नाही म्हणून परत पाठवणेही बरे दिसत नाही. अशा रीतीने दिवसाला तेवीस आणि दोन दिवसांचे मिळून शेहेचाळीस स्लॉट नक्की झाले.

गाड्यांइतकीच माणसेही मोजावी लागतात, ही गोष्ट अशा आखणीत हमखास सुटते. प्रत्येक टेस्ट ड्राइव्हला शेजारच्या सीटवर शोरूमचा एक सल्लागार बसतो. या शोरूममध्ये चार सल्लागार होते. तीन गाड्या एकाच वेळी बाहेर असताना आत किंमत विचारणाऱ्यांशी बोलायला एकच जण उरणार होता. तो पुरेल, असे व्यवस्थापकाचे मत पडले. चारांऐवजी दोनच सल्लागार असते, तर गाड्या तीन असूनही एका वेळी दोनच फेऱ्या निघाल्या असत्या आणि कॅप्शनमधील शेहेचाळीस हा आकडा फसवा ठरला असता.

हा आकडा कॅप्शनमध्ये छापावा का, यावर थोडी चर्चा झाली. माझ्या मते तो छापलाच पाहिजे. «मर्यादित स्लॉट» या शब्दांवर आता कोणाचाच विश्वास उरलेला नाही, कारण ते सगळेच लिहितात. शेहेचाळीस या आकड्यामागे मात्र वर मांडलेला हिशेब उभा आहे आणि कोणी विचारले तर तो सांगता येतो.

ऑफरची खरी अट कुठे सापडली

वाढीव वॉरंटीची अट लिहायला घेतली तेव्हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट उघड झाली. शोरूममधील सगळ्यांची समजूत अशी होती की १५ जूनपर्यंत जो बुकिंग करेल त्याला वॉरंटी मिळेल. ही योजना नेमकी कोणाची आहे, असे विचारल्यावर व्यवस्थापकाने उत्पादक कंपनीचे परिपत्रक काढले. त्यात असे होते की वाढीव वॉरंटीचा खर्च कंपनी उचलेल, पण फक्त ३१ जुलैपर्यंत बिल होणाऱ्या गाड्यांसाठी, आणि इलेक्ट्रिक मॉडेल या योजनेत नाही.

बुकिंगची तारीख आणि बिलाची तारीख यांतील हे अंतर कारच्या व्यवसायात फार मोलाचे असते. कार बुक केली म्हणजे ती लगेच मिळते असे नाही. मॉडेल, रंग आणि व्हेरियंट यांनुसार काही आठवडे थांबावे लागते, आणि उत्पादकांच्या पुष्कळ योजना ज्या महिन्यात बिल होते त्या महिन्याला लागू होतात, बुकिंगच्या महिन्याला नव्हे. या शोरूममध्ये एसयूव्हीचे पांढरा आणि राखाडी हे रंग साठ्यात होते, तर लाल आणि निळ्या रंगासाठी आठ ते दहा आठवडे लागत होते. १५ जूनला लाल एसयूव्ही बुक केली आणि ती आठ आठवड्यांत आली, तरी तारीख १० ऑगस्ट होते. म्हणजे ऑफर वाचून, टेस्ट ड्राइव्ह घेऊन, शोरूमने सांगितलेल्या मुदतीत पैसे भरलेला ग्राहक गाडी घ्यायला येईल तेव्हा त्याला वॉरंटी मिळणार नाही. त्या क्षणी त्याला परिपत्रक दाखवून काहीही उपयोग होत नाही. आपल्याला फसवले गेले असेच त्याला वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे, कारण ही अट त्याच्यासमोर कधी ठेवलीच गेली नव्हती.

शोरूमपुढे दोन मार्ग होते. पहिला असा की ३१ जुलैनंतर बिल होणाऱ्या गाड्यांच्या वॉरंटीचा खर्च स्वतः उचलायचा आणि कॅप्शनमध्ये बुकिंगची मुदत एवढीच अट ठेवायची. दुसरा असा की बिलाची मुदत स्पष्ट लिहायची आणि कोणते रंग त्या मुदतीत मिळू शकतात हेही लिहायचे. व्यवस्थापकाने दुसरा मार्ग घेतला. पहिला मार्ग ग्राहकाला अधिक सोयीचा आहे, पण तो घ्यायचा तर किती गाड्यांचा खर्च अंगावर येईल याचा अंदाज आधी हवा, आणि शुक्रवारी दुपारी कॅप्शन लिहिताना तो काढता येत नाही.

अट ऑफरच्या शेजारी लिहायची की शेवटी तारांकन देऊन, यावर दुमत होण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये डिजिटल जाहिरातींसाठी काढलेल्या मार्गदर्शनात खुलासा शक्यतो संबंधित दाव्याच्या जवळच असावा असे सांगितले आहे. भारतातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा अशी अपेक्षा आहे. या दुसऱ्या मुद्द्याकडे दुर्लक्ष फार होते: ऑफर मराठीत ठळक, आणि अटी इंग्रजीत बारीक. ज्या वाचकाला ऑफर मराठीत समजावून द्यावीशी वाटली, त्याला अटही मराठीतच समजावून द्यायला हवी.

आणखी एक बारकावा टेस्ट ड्राइव्ह आणि बुकिंग यांच्या नात्याचा होता. ऑफर टेस्ट ड्राइव्ह घेतलेल्यांनाच द्यायची असे ठरले होते. पण गाडी चालवून पाहतो एक आणि ती घेतली जाते दुसऱ्याच्या नावावर, हे नेहमीच घडते. मुलगी चालवून बघते आणि कार आईच्या नावावर होते. अट जशीच्या तशी लिहिली असती तर बुकिंगच्या टेबलावर यावरून वाद झाले असते. म्हणून «टेस्ट ड्राइव्ह घेणारी व्यक्ती आणि कार घेणारी व्यक्ती एकाच कुटुंबातील असल्यास चालेल» असे एक वाक्य वाढवण्यात आले.

पहिल्या मसुद्यानंतर कोणीतरी मासिक हप्त्याचा आकडाही टाकण्याची सूचना केली होती. ती वगळण्यात आली. हप्ता लिहिला की तो किती डाउन पेमेंटवर, किती वर्षांसाठी, कोणत्या व्याजदराने आणि कर्ज मंजूर झाल्यावरच, हे सगळे त्याच्या शेजारी लिहावे लागते. अमेरिकेत तर जाहिरातीत हप्त्याची रक्कम दिली की डाउन पेमेंट, परतफेडीच्या अटी आणि वार्षिक दर सांगणे नियमानेच बंधनकारक ठरते. इतका मजकूर टेस्ट ड्राइव्हच्या कॅप्शनमध्ये मावत नाही, आणि अर्धवट लिहिण्यापेक्षा तो विषय शोरूममध्ये समोरासमोर बोललेला बरा.

नोंदणीच्या पायऱ्या

हे कॅप्शन मुख्यतः इन्स्टाग्रामसाठी होते, आणि तेथील दोन मर्यादांनी त्याची रचना ठरवली. कॅप्शन जास्तीत जास्त २,२०० अक्षरचिन्हांचे असू शकते, पण फीडमध्ये साधारण पहिली १२५ चिन्हेच दिसतात आणि बाकीचा मजकूर उघडून वाचावा लागतो. देवनागरीत ही जागा आणखी लवकर संपते, कारण मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांची प्रत्येकी वेगळी मोजणी होते. «टेस्ट ड्राइव्ह» हे दोन शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचे दिसतात. मधली मोकळी जागा धरून त्यांची चौदा चिन्हे होतात. त्यामुळे «तुमच्या स्वप्नातील कार आता तुमच्या जवळ» यासारख्या सुरुवातीला दिसणारी जागा खर्ची पडते आणि तारीख लपलेल्या भागात जाते. नव्या कॅप्शनची पहिली ओळ तारीख, काय आहे आणि पुढे काय करायचे एवढे सांगून शंभर चिन्हांच्या आत थांबेल अशी लिहिण्यात आली.

दुसरी मर्यादा लिंकची. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिहिलेला वेबपत्ता दाबता येत नाही. तरीही लांबलचक फॉर्मचा पत्ता तिथे चिकटवलेला अनेकदा दिसतो, आणि तो हाताने टाइप करून उघडणारा वाचक विरळाच. म्हणून लिंक प्रोफाइलमध्ये ठेवायची आणि कॅप्शनमध्ये तसे सांगायचे. हेच कॅप्शन फेसबुकवर किंवा व्हॉट्सअॅपवर टाकताना मात्र «प्रोफाइलमधील लिंक» हे शब्द काढून त्या जागी प्रत्यक्ष लिंक द्यावी लागते, कारण तिथे ती दाबता येते. व्हॉट्सअॅपवर नोंदणी घ्यायची असेल, तर आधीच भरलेला संदेश उघडणारी लिंक तयार करता येते:

```
https://wa.me/<number>?text=TEST%20DRIVE
```

यात `<number>` च्या जागी देशाच्या कोडसह फोन नंबर येतो. त्यात अधिकचे चिन्ह, सुरुवातीची शून्ये, कंस किंवा आडव्या रेघा चालत नाहीत. लिंक टाकण्यापूर्वी ती शोरूमच्या फोनवरून न तपासता दुसऱ्याच कोणाच्या फोनवरून उघडून पाहावी. कोड राहून गेलेला असेल तर ते तिथेच कळते.

फॉर्ममध्ये किती रकाने ठेवायचे, यावर पायऱ्यांचा सोपेपणा अवलंबून असतो. या फॉर्ममध्ये सुरुवातीला तेरा रकाने होते; सध्याची गाडी, उत्पन्नाचा गट, कार केव्हा घेणार, असे सगळे विचारलेले होते. विक्री विभागाला ती माहिती हवी असते हे खरे, पण पंचवीस मिनिटे गाडी चालवण्यासाठी ती लागत नाही. शेवटी नाव, फोन, मॉडेल, दिवस, वेळ आणि वैध लायसन्स आहे का, असे सहाच रकाने ठेवले. लायसन्सचा फोटो मागण्याची सूचनाही नाकारण्यात आली. मूळ लायसन्स त्या दिवशी पाहिले जाणारच असते. त्याची छायाचित्रे आठवडाभर फोनमध्ये साठवून ठेवणे म्हणजे लोकांच्या कागदपत्रांची विनाकारण जबाबदारी घेणे.

सगळे ठरल्यावर कॅप्शन असे झाले:

«शनिवार १४ व रविवार १५ जून: ३ गाड्यांची मोफत टेस्ट ड्राइव्ह. स्लॉट ऑनलाइन घ्या, लिंक प्रोफाइलमध्ये.

हॅचबॅक (पेट्रोल), एसयूव्ही (ऑटोमॅटिक) आणि इलेक्ट्रिक कार. वेळ: १० ते १ आणि २ ते ६. प्रत्येक स्लॉट ४५ मिनिटांचा असून त्यात साधारण २५ मिनिटे गाडी चालवता येईल. ऑनलाइन स्लॉट एकूण ४६.

स्लॉट असा घ्या:
१. प्रोफाइलमधील लिंक उघडा.
२. मॉडेल, दिवस आणि वेळ निवडून नाव व फोन नंबर भरा. स्लॉटसाठी पैसे लागत नाहीत.
३. वेळ पक्की झाल्याचा मेसेज येईल. येताना मूळ ड्रायव्हिंग लायसन्स आणा. लर्निंग लायसन्सवर गाडी चालवता येणार नाही. १५ मिनिटांहून जास्त उशीर झाल्यास तो स्लॉट पुढच्या व्यक्तीला दिला जाईल.

ऑफर: टेस्ट ड्राइव्ह घेऊन रविवार १५ जून, संध्याकाळी ६ पर्यंत हॅचबॅक किंवा एसयूव्ही बुक केल्यास २ वर्षांची वाढीव वॉरंटी जादा खर्चाशिवाय. गाडीचे बिल ३१ जुलैपर्यंत होणे आवश्यक आहे. एसयूव्हीचे पांढरा व राखाडी रंग साठ्यात आहेत. लाल व निळ्या रंगाला ८ ते १० आठवडे लागतात, त्यामुळे त्यांना ही ऑफर मिळू शकणार नाही. इलेक्ट्रिक कार या ऑफरमध्ये नाही. टेस्ट ड्राइव्ह घेणारी आणि कार घेणारी व्यक्ती एकाच कुटुंबातील असल्यास चालेल. एक्स्चेंज बोनस वेगळा मिळेल.

कमेंटमध्ये फोन नंबर लिहू नका. प्रश्न असल्यास मेसेज करा.»

शेवटच्या दोन ओळी अनेकांना अनावश्यक वाटतील. पण अशा पोस्टखाली लोक उत्साहाने आपला नंबर लिहून «कॉल करा» म्हणतात, आणि तो नंबर कोणालाही दिसतो. शोरूमने तसे करू नका म्हणून सांगणे आणि तरीही आलेल्या कमेंट लपवून त्या व्यक्तीला मेसेज करणे, हे दोन्ही करायला हवे. एक्स्चेंज बोनसविषयीचे चार शब्दही असेच कष्टाने आले आहेत. दोन सवलती एकत्र मिळतात की एकीमुळे दुसरी जाते, हे जुनी गाडी देणारा ग्राहक पहिल्यांदा विचारतो. त्याचे उत्तर इथे «मिळेल» असे होते. ते «मिळणार नाही» असे असते, तरीही तितक्याच ठळकपणे लिहावे लागले असते.

ऑफर पायऱ्यांच्या खाली ठेवण्याचा निर्णय व्यवस्थापकाला सुरुवातीला पटला नाही. आमिष आधी दाखवावे, असा विक्रीचा जुना कल असतो. परंतु या पोस्टचा पहिला हेतू गाडी चालवायला माणूस आणणे हा होता. वॉरंटीचा विचार तो गाडी आवडल्यानंतर करतो, आणि तेव्हा त्याला सगळ्या अटी एका परिच्छेदात, एकाच जागी सापडायला हव्यात.

पोस्ट टाकल्यानंतर

कॅप्शनमध्ये कुठे उणीव राहिली, हे कमेंट वाचून कळते. एकच प्रश्न दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला, तर तो वाचकांचा निष्काळजीपणा न समजता मजकुरातील भगदाड समजावे. या पोस्टखाली «हॅचबॅक ऑटोमॅटिक आहे का?» हा प्रश्न लागोपाठ आला. कॅप्शनमध्ये एसयूव्हीपुढे ऑटोमॅटिक लिहिले होते, हॅचबॅकपुढे फक्त पेट्रोल. म्हणून फक्त ऑटोमॅटिक चालवणाऱ्यांचा गोंधळ झाला. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्याऐवजी कॅप्शनच दुरुस्त करून «हॅचबॅक (पेट्रोल, मॅन्युअल)» असे केले गेले, आणि मग कमेंटना उत्तरे दिली. याउलट लायसन्स आणि पैसे यांविषयी कोणी विचारले नाही. त्या ओळी आपले काम करत होत्या.

शुक्रवारी रात्रीपर्यंत शनिवारचे एसयूव्हीचे सगळे स्लॉट भरले, तर रविवार दुपार जवळजवळ रिकामी होती. अशा वेळी नवी पोस्ट टाकण्यापेक्षा जुन्या पोस्टची पहिली ओळ बदलणे श्रेयस्कर, कारण लोकांनी जतन केलेली आणि एकमेकांना पाठवलेली तीच असते. पहिली ओळ «एसयूव्ही: शनिवार भरला, रविवार १५ जून दुपारी २ नंतर स्लॉट उपलब्ध» अशी करण्यात आली. ऑफरच्या परिच्छेदाला मात्र कोणी हात लावला नाही. मुदत किंवा अट पोस्ट टाकल्यावर गुपचूप बदलली, तर आधीचा मजकूर वाचून आलेल्या ग्राहकाकडे त्याचा स्क्रीनशॉट असतो, आणि त्याचेच म्हणणे खरे धरावे लागते. तारखा चित्रात न घालता कॅप्शनमध्येच ठेवल्याचा फायदाही इथे झाला. चित्रातील मजकूर असा एका मिनिटात दुरुस्त होत नाही.

स्लॉट घेऊन न येणाऱ्यांसाठी आदल्या संध्याकाळी एक स्मरणाचा मेसेज पाठवला गेला. त्यात वेळ, मॉडेल, मूळ लायसन्स आणि येणे जमत नसेल तर नुसते «नाही» असे उत्तर पाठवण्याची विनंती होती. नाही म्हणणे सोपे केले की लोक कळवतात, आणि कळवलेला स्लॉट प्रतीक्षेत असलेल्याला देता येतो; न कळवता रिकामा गेलेला स्लॉट कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

रविवारी संध्याकाळी एक अट कमी पडली, ती वेळेची. एका कुटुंबाने ५ वाजता हॅचबॅक चालवली, गाडी पसंत केली, आणि पावणेसहाला बुकिंगचा फॉर्म भरायला बसले. रक्कम त्यांनी सहाला पाच मिनिटे असताना फोनवरून पाठवली. ती शोरूमच्या खात्यात ६ वाजून १० मिनिटांनी जमा दिसली. कॅप्शनमध्ये «संध्याकाळी ६ पर्यंत बुक केल्यास» एवढेच होते. फॉर्मवरील सही धरायची, पैसे पाठवल्याची वेळ धरायची की ते जमा झाल्याची, याचा उल्लेख नव्हता. व्यवस्थापकाने वॉरंटी दिली, आणि तेच योग्य होते: मजकुराचे दोन अर्थ निघत असतील, तर तो लिहिणाऱ्याने ग्राहकाच्या बाजूचा अर्थ मान्य करावा. पुढच्या वेळच्या कॅप्शनसाठी ऑफरच्या परिच्छेदात त्याने त्याच रात्री एक वाक्य जोडून ठेवले: «बुकिंगचा फॉर्म संध्याकाळी ६ पर्यंत सही करून दिलेला असावा, रक्कम त्याच दिवशी रात्री १२ पर्यंत जमा झाली तरी चालेल.»